लेखकाचं नाव दर वाक्यात नको: पहिल्या असाइनमेंटआधी वाचा

परदेशी विद्यापीठात शिकायला आल्यावर घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, बसचा पास झाला, की पहिली असाइनमेंट दाराशी उभी असते. ‘अमुक लेख वाचा आणि त्याचा सारांश देऊन चर्चा करा.’ आपल्याकडून आलेली मुलं इथे दोन टोकांना जातात. काही जण चोरीचा आरोप नको म्हणून प्रत्येक वाक्याला नाव आणि साल जोडतात. काही जण सहा वाक्यं लिहून शेवटी नाव-सालाचा एकच कंस टाकतात, आणि तपासणाऱ्याला कळत नाही की आधीची पाच वाक्यं कोणाची. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र अशा बऱ्याच विभागांत स्रोत नोंदवण्याची एपीए पद्धत असते, म्हणून तिच्याबद्दलच सांगतो.

एपीएचा नियम सोपा आहे. स्रोताचा उल्लेख पहिल्याच वाक्यात करा. पुढची वाक्यं त्याच स्रोतातली आहेत हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसत असेल, तर त्याच पॅराग्राफमध्ये पुन्हा सायटेशन द्यावं लागत नाही. सगळी मेहनत ‘स्पष्ट दिसणं’ यात आहे.

आपल्या ओळखीचा स्रोत घेऊ. जातिसंस्थेवरचा आंबेडकरांचा निबंध. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना १९१६ साली त्यांनी तो वाचला आणि १९१७ साली तो छापून आला. सारांश असा लिहिता येईल:

‘आंबेडकर (१९१७) यांच्या मते जातीतच लग्न करण्याचं बंधन हे जातीचं मूळ लक्षण आहे. हे बंधन टिकवायचं तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जातीत सारखी राहायला हवी. नवरा किंवा बायको आधी वारली की तो तोल बिघडतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींचे बालविवाह या प्रथांकडे निबंध याच अडचणीवरचे उपाय म्हणून पाहतो. जात मनूने लादली हे मत लेखक फेटाळतात. आधी एका वर्गाने स्वतःला बंद करून घेतलं आणि इतरांनी त्याचं अनुकरण केलं, असा त्यांचा युक्तिवाद आहे.’

नाव एकदाच आलं, तरी धागा तुटला नाही. दुसरं वाक्य ‘हे बंधन’ म्हणत पहिल्याचा हात धरतं. तो साधा तर्क आहे, म्हणून तिथे कोण म्हणतंय हे वेगळं सांगावं लागलं नाही. सतीचं स्पष्टीकरण आणि अनुकरणाचा सिद्धांत मात्र वादाचे मुद्दे आहेत. ते उघडे ठेवले तर ते तुम्हीच ठामपणे मांडताय असं वाटेल, म्हणून तिथे ‘निबंध’, ‘लेखक’, ‘त्यांचा युक्तिवाद’ हे शब्द आले. ‘असं मानलं जातं’ असं मात्र लिहू नका; कोण मानतं हेच त्यात हरवतं.

याच निबंधात एक अडचणीची जागा आहे. आंबेडकर त्यात श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या व्याख्येचाही विचार करतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात की या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आता पॅराग्राफमध्ये दोन पुरुष झाले, आणि पुढच्या वाक्यातलं ‘त्यांच्या मते’ कोणाचं ते कळेना. अशा वेळी आंबेडकरांचं नाव बेलाशक पुन्हा घ्या. वाक्याच्या ओघात त्याच पॅराग्राफमध्ये नाव परत आलं तर साल पुन्हा लिहावं लागत नाही. कंसात दिलंत तर साल लागतंच. केतकर तुम्ही स्वतः वाचले नसतील, तर ते आंबेडकरांच्या निबंधातून घेतल्याचं सांगा आणि रेफरन्स लिस्टमध्ये फक्त आंबेडकर ठेवा.

आडनावाबद्दलही सांगायला हवं. मजकुरात नुसतं ‘आंबेडकर’ लिहायचं, ‘डॉ.’ किंवा ‘बाबासाहेब’ जोडायचं नाही. आपल्या हाताला हे जड जातं, मलाही जड जातं, पण इथे सगळ्याच लेखकांना हा एकच नियम आहे.

सर्वांत जास्त गुण जातात ते स्वतःचं मत आहे हे न सांगता ते मध्ये घुसवल्यामुळे. वरच्या सारांशानंतर ‘अनुकरणाने सगळ्या जातींचा उगम समजत नाही’ असं लिहिलंत, तर ती आंबेडकरांचीच कबुली आहे असं वाचणारा समजेल. तिथे ‘मला मात्र असं वाटतं की’ म्हणून सीमा आखा. त्यानंतर परत निबंधाकडे वळताना नाव घ्या, कारण धागा तुम्ही स्वतःच सोडला होता. नवा पॅराग्राफ सुरू केलात तर तिथेही नाव आणि साल पुन्हा द्या. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उचलले, तर अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक त्याच वाक्यात हवेत. पहिल्या वाक्यातलं सायटेशन तिथे पुरत नाही.

तुमचा विभाग इतिहासाचा असेल आणि तिथे शिकागो पद्धतीच्या तळटीपा चालत असतील, तर पॅराग्राफच्या शेवटी एकच तळटीप चालू शकते. मजकुरात ‘निबंध’, ‘लेखक’ हे धागे तरीही लागतात. कोणती पद्धत वापरायची हे विषयाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लिहायला बसण्याआधी ते बघून घ्या.