गाय बिळात झोपवली तर काय होईल?

नर्सरीत 'प्राणी आणि त्यांची घरं' हा पाठ घ्यायची वेळ प्रत्येक ताईवर येते. गाय गोठ्यात, उंदीर बिळात, घोडा तबेल्यात, कोंबडी खुराड्यात हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. मी जिथे अडकले तेवढंच सांगते. पहिल्या वर्षी तीन आठवडे मी या पाठात फसत होते आणि मला पत्ताही नव्हता. आजही आठवलं की पोटात कालवतं.

शाळेत बाजारातून आणलेला चित्रकार्डांचा तयार संच होता. एका कार्डावर प्राणी, दुसऱ्यावर घर, आणि दोन्हींची कड कोड्यासारखी कापलेली, म्हणजे एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खाचेत बसणार. पहिल्याच आठवड्यात 22 पैकी 19 मुलं सगळ्या जोड्या बरोबर लावायला लागली. मी वहीत 'संकल्पना स्पष्ट' असं लिहून मोकळी झाले. मग एका दुपारी एका मुलाशेजारी सतरंजीवर बसले होते. त्याने माशाचं कार्ड उचललं, चित्राकडे पाहिलंही नाही, अंगठा कडेवरून फिरवला, फुगवटा सापडल्यावर तशीच खाच शोधली आणि तळ्याचं कार्ड जोडलं. "मासा तिथे का रे ठेवलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "बसतं ना ताई."

दुसऱ्या दिवशी तीच चित्रं मी साध्या चौकोनी कार्डांवर काढून नेली. 19 मुलांपैकी फक्त 6 जणांना जोड्या जमल्या. बाकीच्यांना आकार जुळवता येत होता, घर म्हणजे काय ते नाही.

नव्या ताईंनो, इथे जरा जास्त वेळ थांबते, कारण हा सापळा एकाच रूपात येत नाही. कडा सरळ केल्या तर तो रंगात येतो. गाय हिरव्या गवतावर आणि गोठ्याच्या मागेही तोच हिरवा असेल, तर मूल हिरव्याला हिरवा लावतं. कार्डाला रंगीत चौकट असेल तर चौकटी जुळवतं. गोठ्याच्या चित्रात कोपऱ्यात गाय बसलेली असेल तर गायीला गाय लावतं. आणि हे सगळं काढून टाकलं तरी शेवटची जोडी उरतेच. चार प्राणी आणि चारच घरं दिली, तर तीन लावल्यावर चौथं आपोआप लागतं. तेही आपण 'आलं' म्हणून मोजतो.

म्हणून आता मी कार्डं स्वतः करते. सगळी पोस्टकार्डाएवढी, पांढऱ्या पार्श्वभूमीची, कोपरे गोल कापलेले, घरं रिकामी. मासासुद्धा कोऱ्या कागदावर काढते, निळ्या पाण्यात नाही. सुरुवातीला प्राणी तीन आणि घरं चार. एक घर उरायलाच हवं. मुलं विचारतात, "हे कुणाचं?" तो प्रश्न आला की त्या दिवसाचं काम झालं असं मी समजते. तयार संच घेऊच नका असं माझं मत आहे. वेळ वाचतो हे खरं, पण मूल काय शिकलं ते त्यातून कळत नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूच साधनं म्हणून वापरल्या. तुमच्याकडेही जुने पुठ्ठे आणि स्केचपेनं असतीलच.

माझ्या वरिष्ठ बाई म्हणायच्या, "उत्तर बरोबर आलं ना, मग पुढे चला." अनुभवी माणसाचं ऐकावं, पण मुलाच्या हाताकडे न बघणाऱ्याचं या बाबतीत ऐकू नका.

दुसरी अडचण 'का' या शब्दाची. साडेतीन वर्षांच्या मुलाला "गाय गोठ्यात का?" विचारलं की ते गप्प बसतं किंवा "गाय आहे म्हणून" म्हणतं. ते चुकत नाही, प्रश्नच त्याला मोठा पडतो. त्याऐवजी मी गायीचं कार्ड बिळावर ठेवते आणि विचारते, "हिला इथे झोपवू?" सगळी ओरडतात, "नाऽऽही!" मग म्हणायचं, "झोपवली तर काय होईल?" "अडकेल." "शिंगं लागतील." "उंदीर चेंगरेल." कारणं अशीच बाहेर येतात. पाच-सहा मुलांचा गट असेल तरच हे जमतं. वीसजणांत चार मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्यामागून ओरडतात.

गोष्टही मी कार्डांआधी सांगते आणि कारणं तिच्यातच पेरते. तीन मिनिटांपेक्षा मोठी नको. माझी अशी आहे:

एक होतं वासरू. संध्याकाळी आईपासून चुकलं. पाऊस आला, टप टप टप. वासरू उंदराकडे गेलं. "उंदीरमामा, उंदीरमामा, मला घरात घ्या ना!" उंदीर म्हणाला, "ये की! पण दार बघ केवढंसं." वासराचं नाकसुद्धा आत जाईना. मग गेलं कावळ्याकडे. "कावळेदादा, कावळेदादा, मला घरात घ्या ना!" कावळा म्हणाला, "ये की! पण घर बघ किती उंच." वासराला झाडावर चढता येईना. मग गेलं माशाकडे. "मासोळीताई, मासोळीताई, मला घरात घ्या ना!" मासोळी म्हणाली, "ये की! पण घर सगळं पाण्यात." वासराला पाण्यात श्वास घेता येईना. तेवढ्यात लांबून हाक आली, "हम्माऽऽ!" गोठ्याचं दार मोठं, वर छप्पर, खाली कोरडं गवत. वासरू आईच्या कुशीत शिरलं आणि झोपलं.

"मला घरात घ्या ना" हे मुलांनीच म्हणायचं, तुम्ही फक्त थांबायचं. दुसऱ्या दिवशी वासराच्या जागी मासोळीला फिरवा, म्हणजे कारणं बदलतात आणि पाठ केलेलं उत्तर चालत नाही.

चिऊताईचं मेणाचं घर ऐकून आलेलं एखादं मूल विचारेल, चिमणीचं घर मेणाचं ना? त्याला खोटं पाडू नका. "गोष्टीतली चिऊ मेणात राहते, आपल्या खिडकीतली काड्या-पिसं आणते," असं सांगितलं की पुरतं. पक्ष्यांबद्दल मी "घरट्यात राहतात" एवढंच म्हणत नाही, "घरट्यात अंडी घालतात, पिल्लं वाढवतात" असं म्हणते. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं मुलांना दिसतंच. कोळ्याचं जाळं आणि सापाचं वारूळ मात्र नर्सरीत मी काढून टाकलं आहे. जाळं हे भक्ष्य पकडण्यासाठी असतं, आणि साप वारूळ बांधत नाही, वाळवीने बांधलेल्यात शिरतो. हे पुढच्या वर्गात शिकतील.

आणि मूल 'चुकलं' तर घाई करू नका. एका मुलीने कुत्र्याचं कार्ड कुठल्याच घरावर ठेवलं नाही, उचलून माझ्या चपलांपाशी नेऊन ठेवलं. मी परत आणायला निघाले होते. ती म्हणाली, "आमचा मोती बाबांच्या चपलांवर झोपतो." कार्ड तिथेच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी एका चौकोनी कार्डावर उंबरा आणि चपलांचा जोड काढला आणि संचात घातला. त्या कार्डावर आता कुत्राही येतो आणि मांजरही.