आधी मादी तपासा, मग बाटली उघडा

मृग लागला की आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांना अंडी घालायला लावणाऱ्या इंजेक्शनांची घाई सुरू होते. पण मृगाचा हिशेब कोकण-देशावरचा. ग्वाल्हेरला खरा पाऊस बहुधा आर्द्रात येतो, आणि तोवर उथळ टाक्यांतलं पाणी दुपारी ३३-३४ अंशांवर गेलेलं असतं. कार्पच्या अंड्यांना २७ ते २९ अंश मानवतात, ३१ च्या पुढे अंडी फुकट जातात. तरी सध्या पहिल्या सरीबरोबर इंजेक्शनं सुरू झाली आहेत, म्हणून हा सल्ला घाईने लिहितो आहे.

हंगाम बुडताना मी पाहिले आहेत ते बहुतेक एकाच हयगयीमुळे: मादी न तपासता तिला सुई टोचतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका हॅचरीत फुगलेल्या पोटाची रोहू निवडली आणि संध्याकाळी डोस दिला. सकाळी अंडी नाहीत. डीलर फोनवर म्हणाला, "डोस वाढवा." दुसऱ्या रात्री दुप्पट दिला. पहाटे थोडी पांढरी, दुधाळ अंडी पडली, जननछिद्रात अंड्यांचा बोळा अडकला आणि दुपारपर्यंत मादी गेली. फुगलेलं पोट खाद्याचं होतं.

बाटलीतलं औषध काय करतं ते नीट समजून घ्या. ओवाप्रिमसारख्या औषधात दोन गोष्टी असतात. एक माशाच्याच पिट्युटरी ग्रंथीला हार्मोन सोडायला लावते, दुसरी म्हणजे डोम्पेरिडोन, ती त्यावरचा डोपामाईनचा ब्रेक काढते. सुटलेलं हार्मोन तयार अंड्याला शेवटच्या टप्प्यातून नेऊन अंडाशयातून मोकळं करतं. अंड्यात पिवळा बलक भरायला मात्र आधीचे कित्येक महिने लागतात, ते काम कुठलंही इंजेक्शन एका रात्रीत करत नाही. म्हणून कच्च्या मादीला डोस वाढवून फायदा होतो तो फक्त डीलरला.

तपासणी अशी करा. आदल्या दिवशी मादीला उपाशी ठेवा. मग ओल्या कापडावर उताणी धरा. अंड्यांचं पोट मऊ असतं, दोन्ही कुशींना सैल पसरतं आणि फुगवटा थेट जननछिद्रापर्यंत जातो. खाद्याचा फुगवटा पुढेच राहतो. छिद्र सुजलेलं, गुलाबी हवं. नर ओळखणं सोपं: छातीचा पर खरखरीत लागतो आणि पोट हलकं दाबलं की दुधासारखं मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य, येतं.

शंका असेल तर मऊ, बारीक नळीने थोडी अंडी काढा आणि ६ भाग अल्कोहोल, ३ भाग फॉर्मॅलिन, १ भाग ॲसेटिक ॲसिड या द्रावात काही मिनिटं ठेवा. अंडं पारदर्शक होऊन केंद्रक दिसतं. ते मधोमध असेल तर मादी कच्ची. बहुतेक अंड्यांत कडेला सरकलं असेल तर त्याच संध्याकाळी डोस द्या. पोट मऊ असूनही अंडी एकसारखी नसतील, फुटकी, पाणचट असतील तर मादी उतरणीला लागली आहे, ती या हंगामात सोडून द्या. माझा एक अंदाज, पुस्तकात सापडणार नाही: हातात शांत राहणारी जड मादी झटापट करणाऱ्या मादीपेक्षा जास्त भरवशाची निघते.

आता हिशेब. रोहू मादी २.५ किलो, डोस किलोमागे ०.३ मिली, म्हणजे ०.७५ मिली. सोबत १.२५ किलोचे दोन नर, किलोमागे ०.१५ मिली, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.१९ मिली. कटलाला जरा जास्त लागतो, ०.४ ते ०.५, मृगळला ०.२५ ते ०.३. संध्याकाळी सूर्य कलल्यावर टोचा, पहाटेपर्यंत प्रजनन होतं. या पलीकडे कुणी सांगितलं तर आधी मादी पुन्हा बघा.

पुढचे टप्पे:
- प्रजनन कुंड: गोल फिरतं पाणी, १ मादी : २ नर
- उबवण कुंड: घनमीटरला ७ ते १० लाख अंडी
- उबवण: १४ ते १८ तास, पांढरी अंडी मेलेली, पारदर्शक फलित
- जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, बाहेर आल्यावर प्रवाह मंद
- ३ दिवसांनी बलक संपला की जिरे नर्सरी तळ्यात

उन्हातली ओव्हरहेड टाकी मात्र झाका. दिवसा तापलेलं पाणी रात्रीच्या कुंडात सोडलं, तर चांगल्या मादीचीही अंडी पांढरी पडतात.

कच्ची निघालेली मादी मारू नका, विकूही नका. तळ्यात परत सोडा, तळ्याचं थोडं जुनं पाणी काढून ताजं भरा. पाऊस टिकला की दोन-तीन आठवड्यांनी तिला पुन्हा नळी लावून बघा. मात्र ऑगस्ट उजाडल्यावर वाट पाहण्यात अर्थ नाही, तेव्हा तिची अंडी विरायला लागलेली असतात.