कार्टून केलेल्या फोटोबद्दल मित्राची माफी मागताना या चुका टाळा

हिवाळ्यात आमच्या जळगाव जिल्ह्यात शेतावर भरीत पार्टी झाली, की त्याच रात्री तिचे फोटो ग्रुपवर येतात. गेल्या जानेवारीत एका रविवारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असलेल्या मित्राचा फोटो मी एका ॲपवर टाकला, त्याचे कार्टून केले आणि त्याला न विचारता शाळेच्या ६४ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले. त्याच्या ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग आहेत. ॲपने ते पुसून टाकले होते. खाली एकाने लिहिले, ‘आता कसा हिरो दिसतोय!’ मी त्यावर हसण्याची इमोजी टाकली आणि मित्र त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडला.

सोमवारी सकाळी मी त्याला लिहिले: ‘भो, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. चित्र छान आलं होतं म्हणून टाकलं, सगळ्यांना आवडलं. जाऊ दे ना आता.’ दोन्ही टिक निळ्या झाल्या, उत्तर मात्र आले नाही.

या तीन वाक्यांत सर्वांत घातक वाक्य मधले आहे. थट्टेच्या व्यंगचित्रात नाक किंवा पोट मोठे करतात, तेव्हा दुखावण्याचे कारण उघड दिसते. परंतु इथे चेहरा ‘सुधारला’ गेला होता, आणि ‘छान आलं होतं’ असे म्हणताना, डाग नसलेला तू बरा दिसतोस, हेच मी त्याला पुन्हा सांगत होतो. म्हणून माफीचा मेसेज लिहिण्यापूर्वी मूळ फोटो आणि कार्टून शेजारी शेजारी ठेवून, रंग, डाग, चष्मा, केस यांपैकी नेमके काय बदलले आहे ते पाहावे, आणि खालच्या प्रतिक्रियाही पुन्हा वाचाव्यात. पुष्कळदा खरी जखम चित्राने नव्हे, तर त्याखालच्या एका ओळीने झालेली असते.

‘वाईट वाटलं असेल तर’ या शब्दांनी चुकीचा भार मित्राच्या मनावर ढकलला जातो; न विचारता पाठवणे ही चूक त्याला वाईट वाटो न वाटो, घडलेलीच असते. ‘जाऊ दे ना’ हे म्हणण्याचा अधिकार तर फक्त त्याचा आहे.

आणखी एक चूक मेसेजच्या बाहेरची होती. माफी मागताना ते चित्र ग्रुपवर तसेच होते. व्हॉट्सॲपवर `Delete for everyone` हा पर्याय पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसच मिळतो, म्हणून आधी चित्र काढावे आणि मगच लिहावे. घाईत `Delete for me` दाबले, तर चित्र फक्त आपल्या फोनमधून जाते, इतरांकडे राहते. शिवाय ज्यांनी ते गॅलरीत उतरवून घेतले किंवा पुढे पाठवले, त्यांच्याकडच्या प्रती या मार्गाने जातीलच असे नाही. त्यामुळे ‘सगळीकडून काढलं’ असे लिहू नये. ते खोटे ठरले, तर दुसऱ्या माफीला कोणी विचारत नाही.

मंगळवारी संध्याकाळी, चित्र काढल्यानंतर आणि ते उतरवून घेतलेल्या तिघांना फोन केल्यानंतर, मी पुन्हा लिहिले:

‘रविवारी रात्री तुझ्या फोटोचं कार्टून करून मी तुला न विचारता ग्रुपवर टाकलं. त्यात तुझे डाग पुसले गेले होते, ते मला दिसलं होतं. तरी पाठवलं आणि त्या कॉमेंटवर हसलो. चूक माझी आहे, मला माफ कर. चित्र आज ग्रुपवरून काढलं. तिघांनी ते उतरवून घेतलं होतं, त्यांनीही काढल्याचं सांगितलं. आणखी कोणाकडे असेल तर मला माहीत नाही. ग्रुपवर मी काही लिहावं की नको, ते तू सांग. उत्तराची घाई नाही.’

डागांचा उल्लेख मी केला, कारण तो स्वतः त्याबद्दल आमच्याशी मोकळेपणाने बोलतो. जो बोलत नाही, त्याला ‘तुझा चेहरा बदलला’ एवढेच लिहावे. ग्रुपवर जाहीर माफी मागण्याचा मोह मला खूप झाला होता, पण ज्यांनी चित्र पाहिलेच नाही तेही अशा मेसेजनंतर ‘कोणतं चित्र?’ असे विचारू लागतात, म्हणून ते त्याच्यावर सोडले. निळ्या टिक दिसल्यावर ‘वाचलंस ना?’ असेही विचारले नाही.

गुरुवारी त्याचा फोन आला. ग्रुपवर काही लिहू नकोस, असे त्याने सांगितले आणि एकच प्रश्न विचारला, जो माझ्या मनात आलाच नव्हता: मूळ फोटो अजून त्या ॲपमध्ये आहे का? मी पाहिले, तर माझ्या खात्यातील जुन्या चित्रांच्या यादीत फोटो आणि कार्टून दोन्ही होते. तो फोनवर असतानाच मी ती दोन्ही काढली आणि रिकामी झालेली यादी त्याला स्क्रीनशॉट काढून पाठवली.