नाव ठेवताय? मग लोक नावं कशी ठेवतील तेही ऐका

माझी मावसबहीण तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमात गोव्यात फोंड्याला लग्नव्यवस्थेचं स्वतःचं काम सुरू करतेय. नाव सुचव म्हणून तिने मलाच गाठलं. माझ्याच लग्नव्यवस्थेच्या कंपनीच्या पहिल्या नावात मी कसा मार खाल्लाय ते तिला ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा. तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे लिहून काढते.

लहान नाव, सोपं जोडाक्षर, छान अर्थ हे सगळं तुम्ही करालच, त्यावर वेळ घालवत नाही. आधी ते नाव कोणाच्या कानाला शांत वाटायला हवं ते ठरवा. नवरा-नवरीच्या नव्हे. तुम्हाला पैसे देतो, रात्री अकराला फोन करतो आणि ज्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र टेबलावरच असतं, तो मुलीचा बाप. त्याला निवांत वातावरण नको असतं, काम कोणाच्या तरी हातात आहे एवढं कळायला हवं असतं. निवांतपणा आणि बंदोबस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी चूक इथेच झाली.

आमच्या पहिल्या नावात ‘सुशेगाद’ होतं. पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलेला शब्द, अर्थ शांत, स्वस्थ. मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकांना फार आवडायचा. मग एका लग्नात पाहुण्यांचं विमान उतरलं मोप्याला आणि आमची बस उभी दाबोळीला. तिकीट ऐनवेळी बदललं होतं मुलीच्या काकांनी, आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. पण मुलीचे वडील हॉलच्या दारात फोनवर ओरडत होते, “नांवांतूच सुशेगाद, हे कितें करतले?” पुढच्या आठवड्यात ते वाक्य मी आणखी दोन घरांत ऐकलं. चूक कोणाचीही असो, आमचं नाव आधीच साक्ष देऊन बसलेलं.

म्हणून पहिली खरी गोष्ट ही: नाव तक्रारीच्या वाक्यात घालून मोठ्याने म्हणा. “अमुकवाले अजून आले नाहीत.” “अमुकचा फोन लागत नाही.” “कोणी सांगितलं होतं अमुकला काम द्यायला?” कागदावर वाचू नका, म्हणा. जमलं तर घरातल्या चिडक्या माणसाकडून म्हणवून घ्या. नाव त्या वाक्यात विनोद झालं, टोमणा झालं किंवा कबुलीजबाब झालं, तर ते खोडा. लोगो कितीही सुंदर असो.

बहिणीची यादी आम्ही अशीच चाळली. ‘निवांत’ पहिल्या फेरीत गेलं, “निवांतवाले अजून आले नाहीत” म्हणताना तिलाच हसू फुटलं. ‘सावकाश’ तर म्हणून बघायचीही गरज नव्हती. ‘निर्धास्त’, ‘निश्चिंत’, ‘बिनघोर’ ही तिची आवडती. अर्थ चांगले आहेत, पण ऐकणाऱ्याच्या कानात धास्ती, चिंता आणि घोरच आधी पडतात. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हटलं की तो विचारतो, काय झालं? ‘विसावा’ वृद्धाश्रमासारखं वाटलं. ‘शांती’ नको, आपल्याकडे शांत ग्रहांची करतात नाहीतर माणूस गेल्यावर मागतात. शांतादुर्गेचं नाव घ्यावं असं मावशीचं म्हणणं. पण त्या नावाची दुकानं आणि बस गोव्यात इतक्या आहेत की आपली कंपनी कोणती हे सांगण्यातच फोन संपेल. शिवाय लग्नाला काजार म्हणणारी कॅथलिक घरंही तिला हवी आहेत.

‘घडी’वर मात्र आम्ही दोघी तासभर अडकलो. सगळी घडी नीट बसली, यापेक्षा नेमका अर्थ कुठला? हिंदीवाल्यांना त्यात घड्याळ ऐकू येतं, तेही सोयीचंच. तक्रारीचं वाक्य घालून पाहिलं, बरं निभावलं. मग तिने मोबाइलवर `Ghadi` टाइप केलं आणि माझ्या सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं, “घाडी? लग्नांत घाडी कित्याक?” गावात देवाला कौल लावणारा, भूतबाधा उतरवणारा घाडी! निम्मी गिऱ्हाइकं नाव रोमन अक्षरांतच वाचणार, तिथे काना-मात्रा दिसत नाही. म्हणजे दुसरी गोष्ट: नाव रोमनमध्ये लिहा, अर्थ न सांगता तीन माणसांना वाचायला द्या. एक मराठी, एक कोंकणी, एक हिंदी. मग त्यांनी जे वाचलं तेच तक्रारीच्या वाक्यात घाला. हो, पुन्हा. प्रत्येक उच्चारासाठी पुन्हा.

‘यथासांग’ मला अजून आवडतं. सगळं विधिपूर्वक पार पडलं, एकही अंग राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. पण दिल्लीच्या मुलाच्या आईला ते फोनवर दोनदा सांगावं लागलं, आणि घाईत दोनदा सांगावं लागणारं नाव म्हणजे तिसऱ्यांदा चुकीचा फोन.

शेवटी उरलं ‘समई’. मराठीत आणि कोंकणीत तोच शब्द, घरातला, स्थिर. हिंदी माणूस `Samai` वाचताना ‘समय’ म्हणतो, वेळेची गोष्ट आपोआप झाली. “समईवाले आले नाहीत” म्हटलं तरी टोमणा बनत नाही. दोष आहे: “समई विझली” असं कोणीतरी एक दिवस म्हणणारच. तेही आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं. सोसवेल असं ठरलं.

आता कागदपत्रं, थोडक्यात. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नुसतं अक्षरांनी नाही, उच्चारानेही शोधा, `Samayi`, `Samay` सगळं. लग्नविधींचं नियोजन वर्ग 45 मध्ये येतं, संगीत वगैरे करमणूक 41 मध्ये. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला 4,500 रुपये. ‘गोवा लग्न नियोजन’ छापाचं नुसतं वर्णन करणारं नाव बहुधा अडतं, तो खर्च करू नका. प्रायव्हेट लिमिटेड करत असाल तर नाव मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही, आणि राखून ठेवलेलं नाव मुदत वाढवून घेतली नाही तर 20 दिवसच टिकतं. डोमेन दोन्ही स्पेलिंगचं घ्या. पाटी नंतर. व्हिजिटिंग कार्ड त्याहून नंतर, मी पाचशे छापली होती, अजून माळ्यावर आहेत.

काल रात्री बहिणीने मावशीला खोलीबाहेर उभं केलं आणि सांगितलं, मुहूर्त दहा मिनिटांवर आहे, भटजी सापडत नाहीत, काय करशील? मावशी खरंच घाबरली. आतून आम्ही कान लावून होतो. ती दाराशी ओरडली, “अगं, समईला फोन लाव ना कोणीतरी!”