पुरानंतर दुकानाचा सर्व्हे करताना या चुका टाळा

विम्यासाठी नुकसान मोजायला आलेला नवीन सर्व्हेअर पूर आलेल्या दुकानात शिरला की आधी भिंतीवरची ओल बघतो, टेप लावतो आणि लिहून मोकळा होतो, "पाणी साडेचार फूट". हे बघून बघून आता कंटाळा आलाय. अरे बाबा, भिंतीचं प्लास्टर पाणी वर ओढून घेतं, त्यामुळे ओल पाण्याच्या खऱ्या पातळीच्या बरीच वर चढते. पातळी बघायची तर काच, स्टीलचं कपाट, शटर असल्या पाणी न पिणाऱ्या वस्तूंवर बघायची, तिथे गाळाची एक बारीक रेघ राहिलेली असते. मी दुकानात तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत तरी ती मोजतो आणि टेपसकट फोटो काढतो.

एका स्टेशनरीच्या दुकानात असंच झालं. मालक म्हणाला, "साहेब, साडेचार फूट पाणी होतं, हे बघा ना भिंत." काचेच्या दारावर रेघ मात्र तीन फुटांवर. माझ्यासोबतचा ट्रेनी लगेच हळूच म्हणतो, "सर, खोटं बोलतोय, तीन फुटांच्या वरचा सगळा माल नुकसानीतून उडवून टाकू." ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा वाईट. माणूस खोटं बोलत नव्हता, भिंतीने त्याला फसवलं होतं. आणि कागदही प्लास्टरसारखाच पाणी ओढतो. मी ट्रेनीला रेघेवरचे वह्यांचे गठ्ठे सोडायला लावले. उभ्या ठेवलेल्या गठ्ठ्यांचे फक्त खालचे काठ पाण्यात होते, तरी पानं वरपर्यंत लाटांसारखी वाकलेली. शेजारच्या प्लास्टिकच्या फाइली त्याच उंचीवर, पण ठणठणीत, फक्त पुसून घ्यायच्या. म्हणजे रेघ बघून माल कुठे शोधायचा ते कळतं, कुठला माल गेला ते हात लावूनच कळतं.

खरी गंमत पुढे होती. खालचे दोन कप्पे रिकामे. मालकाने कुजायला लागलेला माल दोन दिवसांपूर्वीच फेकून दिला होता, वास सुटला होता म्हणे, फोटो नाहीत. ट्रेनीचं उत्तर तयार, "दिसत नाही म्हणजे नव्हता." मला हे शॉर्टकटवाले अजिबात आवडत नाहीत. दिसत नसेल तर हिशोबाच्या वह्या उघडायच्या ना! शेवटच्या हिशोबाला शिल्लक माल ९ लाखांचा, त्यानंतरची खरेदी १४ लाख, म्हणजे २३. विक्री २० लाख, पण ती विक्रीच्या भावाने, त्यात २० टक्के नफा, तो काढला की विकलेला माल खरेदीच्या भावाने १६ लाखांचा. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात साधारण ७ लाखांचा माल हवा. आम्ही मोजला तो सुका ३ लाख आणि भिजलेला अडीच लाख. राहिले दीड. आता रिकाम्या कप्प्यांत दीड लाखाचा माल मावतो का, हे वरच्या तसल्याच कप्प्यातल्या मालावरून ताडून बघितलं, मग त्याच मालाची खरेदी बिलं चाळली. जमलं. जमलं नसतं तर जेवढं जमलं तेवढंच धरलं असतं, उगाच दया म्हणून नाही.

नुकसान मग ४ लाख. भिजलेल्यातला थोडा माल आणि रद्दी विकून अर्धा लाख येणार होता, तो वजा केला, राहिले साडेतीन. इथे बरेच जण थांबतात आणि पुढे भांडणं होतात, कारण विमा होता ५.६ लाखांचा आणि माल ७ लाखांचा, म्हणजे विमा ८० टक्केच. पॉलिसीत सरासरीची अट होती, त्यामुळे नुकसानीचेही ८० टक्केच, २.८ लाख. त्यातून पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, आणखी वजा.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. विक्रीच्या भावाने नुकसान धरू नका. वर्षानुवर्षं न खपलेल्या मालाला पूर्ण भाव देऊ नका. भिजलेला आणि सुका माल वेगळा केल्याशिवाय मोजायला घेऊ नका, आणि वेगळा करायच्या आधी सगळ्याचे फोटो. दुकानातच उभं राहून "इतके मिळतील" असं तर चुकूनही बोलू नका, घाई झालेला माणूस तोच आकडा डोक्यात धरून बसतो.

त्या मालकाला मी आकडा नाही, हिशोबाची पद्धत काउंटरवर कागदावर मांडून दाखवली. ८० टक्क्यांच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि गप्प बसला, मग म्हणाला, "साहेब, माल वाढत गेला आणि मी दरवर्षी जुन्याच आकड्यावर रिन्यू करत राहिलो."