खदानीच्या कड्यावरून आडवा फेकलेला गोटा: वेळ, पल्ला आणि आदळण्याचा वेग कसा काढावा

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिट्टी खदानीचा उभा कडा समजा. कडा पाण्यापासून १८ मीटर उंच आहे. काठावर उभ्या पोराने खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून १.६ मीटरवरून, गोटा अगदी आडवा फेकला. वेग सेकंदाला १२ मीटर.

आधी उंची नक्की करा. पहिली चूक इथेच होते. गोटा हातातून सुटतो, कड्याच्या काठावरून नाही; म्हणून h = १८ + १.६ = १९.६ मीटर. खालचं टोक म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, खदानीचा तळ नव्हे. पावसाळ्यात पाणी ३ मीटर चढलं, तर h तेवढाच कमी धरावा लागतो.

आता आडवा वेग बाजूला ठेवा आणि फक्त खाली पडणं पाहा. सुरुवातीला उभा वेग शून्य असतो, म्हणून h = ½gt², इथे t म्हणजे पडायला लागणारा वेळ आणि g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८; त्यावरून

t = √(2h/g) = √(३९.२ ÷ ९.८) = २ सेकंद

इथे १२ कुठेच आला नाही. बहुतेक पोरं हा आकडा उभ्या समीकरणात घुसवतात आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. गोटा जोरात फेका नाहीतर नुसता हातातून सोडा, पाण्यापर्यंत पोचायला दोन्हीला २ सेकंदच लागतात.

पल्ला मग सोपा आहे. आडव्या दिशेने काहीच ओढत नाही, म्हणून १२ × २ = २४ मीटर. हाताचे १.६ मीटर विसरलात तर वेळ १.९२ सेकंद आणि पल्ला २३ मीटर येतो, म्हणजे एक मीटर चूक.

आदळताना आडवा वेग १२ तसाच राहतो. उभा वेग gt = ९.८ × २ = १९.६ मीटर प्रति सेकंद, खालच्या दिशेने. दोन्ही थेट मिळवून ३१.६ म्हणू नका; ते एकमेकांना काटकोनात आहेत.

v = √(१२² + १९.६²) ≈ २३ मीटर प्रति सेकंद

दिशेसाठी कोनाचा tan काढा: १९.६ ÷ १२ = १.६३, म्हणजे पाण्याच्या पातळीशी सुमारे ५८.५ अंशांचा कोन. पडताळा हवा असेल तर v² = u² + 2gh वापरा, u म्हणजे फेकतानाचा वेग: १४४ + ३८४.१६ = ५२८.१६, वर्गमूळ पुन्हा २३ च्या जवळच.

प्रत्यक्षात गोटा बरोबर २४ मीटरवर पडेलच असं नाही. हात फक्त ५ अंश वर झाला तरी पल्ला साधारण २५.२ मीटर होतो. जड गोट्याला हवा फारशी अडवत नाही. कापसाचं बोंड फेकलं तर मात्र हे सूत्र कामाचं नाही.