दिवाळीचे डबे आणि सरकलेली नावं

जळगावात आमचं केळी वेफर्सचं छोटं दुकान आहे. पुण्याच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरी दिवाळीचे डबे पाठवायला सांगितले. डबे निघाले आणि तिसऱ्या दिवशी कुरिअरवाल्यांचे फोन सुरू झाले: "इथं पाटील कोणी राहतच नाही." लोक डबे परत पाठवत होते.

कंपनीची यादी पुन्हा उघडली. नावं अगदी अ-ब-क क्रमाने, पण ईमेल त्या क्रमात नव्हते. चौधरींच्या ओळीत पाटलांचा ईमेल. म्हणजे त्यांच्याकडे कोणीतरी एक्सेलमध्ये फक्त नावाचा कॉलम सॉर्ट केला होता. मोबाईल आणि पत्ता मात्र ईमेलशी जुळत होते, म्हणजे चुकलं होतं फक्त नाव. मग वाटेतल्या डब्यांसाठी त्याच मोबाईलवर निरोप धाडला, "लेबलवर दुसरं नाव असलं तरी डबा तुमचाच आहे, घ्या." परत निघालेले मात्र सुटले, त्यांचं दुहेरी भाडं बसलंच. ते मी कंपनीच्या बिलात लावलं. यादी त्यांची होती.

आता यादी आली की आधी नाव आणि ईमेल ताडून बघतो, मग पिनकोड. पुण्याचा पत्ता आणि पिन ४२५ ने सुरू, म्हणजे काहीतरी गडबड आहे. ४२५ आपल्या जळगावकडचा. प्रत्येक ओळीला कर्मचारी क्रमांक मागतो. तोच लेबलवर छापतो आणि ट्रॅकिंग नंबरही त्याच क्रमांकावरून जोडतो, नावावरून नाही. खान्देशात एकाच यादीत चार-चार पाटील निघतात, भाऊ!